गावाकडच्या एका फेरीचे आठशे रुपये

मुंबईत राहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांनो,

आषाढात गावी गेलो तेव्हा आशाताईंनी एक हकिकत सांगितली. ज्याची ती आहे तो आपल्याच भावकीतला, म्हणून नाव लिहीत नाही.

कापूस दोन वर्षं हातचा गेला. डोक्यावर सोसायटीचं कर्ज, वर सावकाराचं. झोप नाही, पोट जड, डोकं दुखतंय म्हणून त्याने गावात तीनदा सलाईन लावून घेतलं. तो शेताकडे फिरकेना, दाढी करेना, तेव्हा ताई ओसरीवर जाऊन बसल्या. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागतं का, उदास वाटतं का, हे विचारलं. मग सरळच विचारलं, "भाऊ, जीव नकोसा झालाय का?" तो रडला आणि "हो" म्हणाला. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसला विचार शिरत नाही, उलट दडपलेलं बाहेर येतं. ताईंनी त्याच दिवशी फवारणीचं औषध त्याच्या घरातून हलवून शेजारी कुलपात ठेवलं, रात्री भावाला सोबत झोपायला सांगितलं आणि सकाळच्या एसटीने त्याला बीडच्या जिल्हा रुग्णालयात नेलं.

"मला काय वेड लागलंय का?" म्हणून तो मनोविकार विभागाच्या दारातून मागे फिरत होता. ताई म्हणाल्या, "झोपेचं दाखवायचंय, चला." केसपेपर काढला, डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतलं, गोळ्या मोफत मिळाल्या.

खरी अडचण पुढे आली. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आधी मळमळ आणि बेचैनीच जाणवते. दहाव्या दिवशी त्याने गोळ्या बंद केल्या. ताईंनी समजावून परत सुरू केल्या. आता तो जेवतो, शेतात जातो, आणि नेमकं आताच "बरा झालो की" म्हणून पुढची फेरी टाळतोय. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावं लागतं, मध्येच सोडलं तर आजार उलटतो. कर्ज गोळीने फिटत नाही, पण बँकेत जाऊन हप्ते पाडून घेण्याइतकं बळ त्याला आता आलंय.

औषध फुकट असलं तरी रस्ता फुकट नाही. त्याचं जाऊन-येऊन तिकीट २०० रुपये, ताईंचं अर्ध्या दराने १००, फाट्यापर्यंत जीप ८०, चहा-जेवण १२०. आशाताईंना कामाप्रमाणे मोबदला मिळतो, त्यांचा तो दिवस बुडतो. त्याचे ३०० धरून एक फेरी ८०० रुपयांची. अशा दहा फेऱ्या म्हणजे ८,००० रुपये. ताईंच्या वहीत असे आणखी तिघे आहेत. चौघांचे मिळून ३२,००० रुपये मंडळाला जमवायचे आहेत.

येत्या रविवारी सकाळी दहाला चेंबूरच्या मासिक सभेत एका फेरीचे तरी पैसे द्या आणि पावती घ्या. हिशेब ताईंच्या वहीप्रमाणे दर महिन्याला वाचून दाखवू, रुग्णांची नावं मात्र सांगणार नाही.

गावाकडे फोन लावाल तेव्हा पिकाबरोबर झोपेचंही विचारा. कुणाचं बोलणं तुटक वाटलं तर आशाताईंना कळवा. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं.

आपला,
सचिव, ग्रामस्थ मंडळ, मुंबई