लायडार म्हणजे कॅमेरा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चालकाविना चालणाऱ्या गाड्यांवरचा कालचा लेख वाचला. त्यात लायडारला, म्हणजे लेसरने अंतर मोजणाऱ्या उपकरणाला, ‘महागडा कॅमेरा’ म्हटले आहे. हे साफ चूक आहे, आणि ते वाचून मला राहवले नाही.

गेल्या गळीत हंगामात रात्री लातूरहून अंबाजोगाईला येत होतो. वेग साठचा. समोरून आलेल्या ट्रकच्या दिव्यांनी डोळे दिपले. ट्रक गेला आणि पुढ्यात उसाने भरलेली ट्रॉली उभी! मागे दिवा नाही, रेडियम नाही. शेजारी बसलेले मेहुणे ओरडले म्हणून स्टिअरिंग वळवले. गाडीची डावी बाजू घासत गेली, जीव वाचले.

कॅमेऱ्याची अडचण माझ्या डोळ्यांसारखीच असते. बाहेरून येईल त्या उजेडावर तो चालतो. त्याच्या चित्रात वस्तूची दिशा असते, अंतर नसते. अंतर संगणक आधी शिकवलेल्या असंख्य चित्रांच्या आधारे ताडतो. अंधारातला ऊस ओळखूच आला नाही तर तो काय ताडणार?

लायडार स्वतःचा उजेड सोडतो. डोळ्यांना न दिसणारा लेसर वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला, ते मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. ट्रॉली ४० मीटरवर असेल तर जाऊन येऊन ८० मीटर, म्हणजे साधारण २६७ नॅनोसेकंद. किरण कोणत्या कोनात सोडला ते ठाऊक असतेच. कोन आणि अंतर मिळाले की एक बिंदू पक्का होतो. असे लाखो बिंदू मिळून त्रिमितीय नकाशा तयार होतो. फिरता लायडार सेकंदाला दहा फेऱ्या मारत असेल, तर पुढच्या फेरीत ट्रॉलीचे बिंदू ३८.३ मीटरवर येतील. साठच्या वेगाने गाडी तेवढ्या वेळात १.७ मीटरच सरकते, म्हणजे समोरचे जागचे हललेले नाही. तो ऊस आहे की भिंत, हे कळले नाही तरी ब्रेक लावता येतो.

टेस्लाने कॅमेऱ्यांवर भर दिला, कारण ते स्वस्त आहेत आणि माणूसही डोळ्यांनीच गाडी चालवतो, असे त्यांचे म्हणणे. सिग्नल लाल की हिरवा, हे लायडारला कळत नाही; दाट धुक्यात, धुळीत त्याचे किरण वाटेतूनच परततात. हे सगळे मान्य. पण २०१६ मध्ये फ्लोरिडात टेस्लाची गाडी आडव्या आलेल्या ट्रेलरखाली घुसून चालक दगावला. उजळ आकाशापुढे ट्रेलरची पांढरी बाजू ना ऑटोपायलटला दिसली ना चालकाला, असे कंपनीनेच सांगितले. त्या गाडीत लायडार नव्हता.

आणखी एक. ट्रॉल्यांना रेडियम लावावे, असे पत्र मी हंगामातच पाठवले होते. ते छापले नाही. रेडियमची पट्टी दिवा पडला की माणसाला दिसते, कॅमेऱ्याला दिसते, लायडारलाही ठळक दिसते. यंदा कारखाने सुरू होण्याआधी तरी ते पत्र छापा.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई