तलावपाळीच्या बाकावरच्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्या हातात आणून देऊ शकले असते, राम मारुती रोडवरून चालत दहा मिनिटांचं अंतर. पण तुम्ही ते घडी घालून पर्समध्ये टाकलं असतंत आणि म्हणाला असतात, "त्यात काय एवढं!" म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय माझ्यासारखी बोलताना अडकून बसणारी मंडळी ठाण्यात कमी नाहीत, त्यांच्याही उपयोगी पडेल.

आपली ओळख झाली तेव्हा मी मासुंदा तलावाकाठी बसून कानात हेडफोन घालून स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकत होते आणि रडायच्या बेतात होते. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला, म्हणजे बोलण्याला, ५.५ आले होते. हवे होते ६.५. वाचन, ऐकणं, लिहिणं सगळं निभावलं, बोलण्यात मात्र ठेच लागली. तुम्ही शेजारी बसून शेंगा सोलत होतात. विचारलंत काय झालं, मी सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, "ऐकव बघू." एक कानातला मी तुम्हाला दिला.

विषय होता, उपयोगी कौशल्य शिकवणाऱ्या व्यक्तीविषयी बोला. परीक्षेत दुसऱ्या भागात असं कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट आणि मग एक ते दोन मिनिटं एकटीने बोलायचं. मी आत्याविषयी बोलले होते, तिने मला शिवणयंत्र चालवायला शिकवलं त्याविषयी. तुम्ही दोनदा ऐकलंत. मग पिशवीतून पेन्सिल काढलीत, शेंगांच्या पुडीचा कागद सरळ केलात आणि मी जिथे जिथे थांबले होते तिथे रेघ मारत गेलात. नऊ रेघा झाल्या. मला वाटलं, आता म्हणणार शब्दसंग्रह वाढव. तुम्ही म्हणालात, "दोन रेघा वाक्य संपल्यावर आहेत, त्या सोडून दे. तिथे सगळेच थांबतात, इंग्रजही. या सात बघ. सातही वेळा तुला क्रियापद सापडत नव्हतं."

मग कळलं की तुम्ही आयुष्यभर कोर्टात दुभाषी होतात. त्या दिवशी सांगितलेला साक्षीदाराचा किस्सा मी अजून लोकांना ऐकवते. साक्षीदार मराठीत म्हणतो, "मी त्याला त्या रात्री दुकानासमोर सुरा घेऊन..." इथपर्यंत सगळं कळलं, पण तुम्हाला तोंड उघडता येत नाही. कारण पुढे 'पळताना पाहिलं' येईल, 'उभा असलेला पाहिलं' येईल किंवा 'पाहिलं नाही'सुद्धा येईल. इंग्रजीत मात्र ते 'पाहिलं' कर्त्यामागून लगेच सांगावं लागतं. म्हणजे मराठी वाक्य शेवटपर्यंत हातात येईस्तोवर इंग्रजी वाक्य सुरूच करता येत नाही. "मला त्या थांबण्याचा पगार मिळायचा," तुम्ही म्हणालात, "तुझे मार्क कापतात."

माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. मनात वाक्य तयार झालं होतं: 'लहानपणी सुट्टीत कळव्याला आमच्याकडे राहायला येणाऱ्या आत्याने मला मशीन चालवायला शिकवलं.' ते मी त्याच क्रमाने इंग्रजीत ओतायला गेले. 'इन माय चाइल्डहूड, इन व्हेकेशन, ॲट अवर हाउस इन कळवा...' आणि गप्प. तीन पायऱ्या चढून गेले, वर दारच नाही. कारण कोण आणि काय केलं हे अजून सांगितलेलंच नव्हतं.

तुम्ही दिलेला उपाय वरवर अगदी पोरकट वाटला. दोन शब्द बोलायचे, कर्ता आणि क्रियापद, आणि मुद्दाम थांबायचं. 'माय आंट टॉट...' बास. मग तुम्ही विचारायचात, "कोणाला?" 'टॉट मी.' "काय?" 'टू यूज अ सुइंग मशीन.' "कुठे?" 'ॲट अवर हाउस इन कळवा.' "कधी?" 'ड्युरिंग द स्कूल हॉलिडेज.' वाक्य पुरं झालं की त्याच्या शेपटीला आणखी एक तुकडा लावायचा: 'बिकॉज शी वॉज बोअर्ड.' मराठीत आपण सगळं सामान आधी गोळा करतो आणि क्रियापदाने गाठ मारतो. इथे गाठ आधी मारायची आणि सामान मागून अडकवत जायचं. आता कुठल्याही तुकड्यानंतर थांबले तरी मागचं वाक्य पुरं असतं, त्यामुळे थांबणं कोणाच्या कानाला टोचत नाही.

काळ किंवा जागा सांगून इंग्रजी वाक्य सुरू करणं चूक नाही, हेही तुम्ही स्पष्ट केलंत. पण एकाला एक जोडून तीन तुकडे आधी आले, तर समजायचं की मागे मराठी वाक्य लपून बसलंय. माझ्यासाठी ही खूण फार कामाची ठरली, कारण 'मी मनात भाषांतर करतेय का' हे स्वतःला विचारून कधीच कळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र लगेच दिसतं.

महिनाभर मी हे ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये केलं. ठाण्याहून कोपरखैरणेला जाताना खिडकीतून किंवा डब्यात जे दिसेल त्याचं मनातल्या मनात दोन शब्दांचं वाक्य, मग शेपट्या. 'अ वुमन इज कोम्बिंग... हर डॉटर्स हेअर... विथ वन हॅंड.' समोर चित्र असलं की मराठी वाक्याची गरजच पडत नाही, डोळ्यांतून सरळ तोंडात. एकदा त्या नादात आईला घरी म्हणाले, 'आय ॲम लुकिंग फॉर द किसणी.' तिने किसणी दिली, वर एक टोमणाही दिला.

दुसरी अडचण निघाली ती 'मला'ची. मला भीती वाटली, मला आठवतं, मला जमलं नाही, मला हसू आलं. मराठीत अशा वाक्यांत भीती, आठवण, हसू हेच येणारे-जाणारे असतात आणि आपण नुसते 'मला' म्हणून बाजूला बसलेलो. त्यामुळे सुई बोटात घुसली तो प्रसंग सांगताना मी 'द फिअर...' अशी सुरुवात करून अडकले होते. तिथे दोन शब्दांची युक्तीही चालेना, कारण कर्ताच चुकीचा निवडला होता. तुम्ही म्हणालात, हे सोडवत बसू नकोस, अख्खे तुकडे उचल. 'आय वॉज स्केअर्ड', 'आय रिमेंबर', 'आय कुडन्ट मॅनेज इट', 'आय स्टार्टेड लाफिंग'. असे वीसेक तुकडे मी वहीत लिहिले, समोर मराठी अर्थ न लिहिता. समोर मराठी लिहिलं की तोच पूल पुन्हा बांधला जातो, हा तुमचा आग्रह मला तेव्हा जरा जास्तच वाटला होता. वाटलं होतं तेवढा जास्त नव्हता.

आणि ते 'उसवणं'! आत्या माझी वाकडी शिवण उसवायची. या एका शब्दापाशी मी सहा सेकंद गप्प होते, तुम्ही घड्याळ लावून मोजलं होतंत. मी शब्दकोश काढायला गेले, तर फोन काढून घेतलात. "शब्द नको. तिने हाताने काय केलं ते सांग." मी हात हलवून दाखवला आणि तोंडातून आलं, 'शी पुल्ड आउट द स्टिचेस अँड मेड मी स्टार्ट अगेन.' सहा सेकंदांत जे सापडत नव्हतं ते मला येतच होतं. 'अनपिक' हा शब्द मी घरी जाऊन पाहिला. पण परीक्षेत मी वापरलं ते हाताने दाखवलेलंच वाक्य.

तयारीच्या एका मिनिटात मी काय लिहायचे, ते पाहून तुम्ही कपाळावर हात मारला होतात. आत्या, मशीन, बॉबिन, पहिला फ्रॉक, सगळं मराठीत. म्हणजे एका मिनिटात मी स्वतःलाच नव्याने भाषांतराचं काम लावून ठेवत होते. त्यानंतर फक्त इंग्रजी क्रियापदं लिहायची, तीही भूतकाळात: टॉट, थ्रेडेड, ब्रोक, पुल्ड, लाफ्ड, वोअर. नामं काही विसरत नाहीत, ती आठवणीच्या चित्रातच असतात. पाच-सहा क्रियापदं ओळीने असली की गोष्ट आपोआप पुढे सरकते.

मध्ये एक पंधरवडा बिघडलेला गेला तोही लिहिते. थांबणं कमी झालं, पण त्या जागी 'यू नो' आणि 'ॲक्च्युअली' येऊन बसले आणि काळाच्या चुका वाढल्या. तेव्हा तुम्ही एकच गोष्ट चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायला लावलीत, आणि दर वेळी ऐकणारं माणूस वेगळं: आधी तुम्ही, मग तुमच्या बहीणबाई, मग समोरच्या फ्लॅटमधला कॉलेजचा मुलगा. ही पद्धत ४-३-२ नावाने ओळखली जाते आणि पॉल नेशन या भाषातज्ज्ञांनी त्याबद्दल लिहिलंय, हे मला नंतर कळलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा म्हणालात, "मला आपलं वाटलं की तीच गोष्ट मी तीनदा का ऐकू!" तिसऱ्यांदा सांगताना 'यू नो'ला वेळच उरत नाही.

तिसऱ्या भागात, जिथे परीक्षक मोठे प्रश्न विचारतात, ही युक्ती निम्मीच चालली. यंत्रांमुळे हातची कौशल्यं नाहीशी होतील का, या प्रश्नावर मी अडले ती मतच नव्हतं म्हणून. तुमचा सल्ला होता की तिथे खुशाल थांब, विचारासाठी थांबणं वेगळं आणि शब्दासाठी थांबणं वेगळं. गुणांच्या तक्त्यातही वरच्या पातळीला हाच फरक केलेला आहे, मी नंतर वाचला. आणि मी रडकुंडीला येऊन म्हणाले होते, विचार मराठीतच येतात हो, काय करू? "येऊ देत की. विचार येऊ देत, वाक्य तेवढं मराठीत लावू नकोस."

दुसऱ्या खेपेला कार्डावर आत्या नव्हती. लहानपणी स्वतः केलेल्या वस्तूविषयी बोला, असं होतं. मी पहिला फ्रॉक घेतला. कागदावर सहा क्रियापदं लिहिली आणि सुरू झाले. फ्रॉकची एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली होती आणि तोच घालून मी कळव्याच्या गणपतीला गेले होते, इथपर्यंत पोचले, तेवढ्यात परीक्षक म्हणाल्या, 'थँक यू.' दोन मिनिटं संपली होती. आधीच्या खेपेला त्यांनाच माझ्याकडे बघत बसावं लागलं होतं. स्पीकिंगला ६.५ आले.

शेंगांचा तो कागद वहीत ठेवलाय, नऊ रेघांसकट. शनिवारी सकाळी येते. बाक धरून ठेवा, फ्रॉकची उरलेली गोष्ट सांगायची आहे, आणि ती मराठीत.

तुमची,
शेंगा न सोलता नुसत्या खाणारी