सूचना: आपत्कालीन दिव्यांची पूर्ण मुदतीची चाचणी

सर्व गाळेधारक सभासदांस,

जिन्यातले आपत्कालीन दिवे आणि 'बाहेर' जाण्याच्या पाट्या येत्या शनिवारी कार्यालये सुटल्यावर तपासल्या जातील. दर महिन्याला आपण टेस्टचे बटण अर्धा मिनिट दाबतो. त्यातून दिवा लागतो एवढेच कळते. जुनी बॅटरीही तेवढा वेळ सहज निभावते. 3 तासांची म्हणून बसवलेली बॅटरी चाळीस मिनिटांत मान टाकते, ते मात्र पुरवठा तोडून पूर्ण 3 तास थांबल्याशिवाय दिसत नाही. चार्जिंगचा हिरवा ठिपकाही फसवा आहे. तो बॅटरी चार्ज होतेय एवढेच सांगतो, तिच्यात किती दम उरलाय ते नाही.

चाचणीत फक्त आपत्कालीन दिव्यांच्या सर्किटचा एमसीबी बंद करू. मुदतीआधी विझलेल्या दिव्याची वेळ नोंदवहीत लिहून बॅटरी बदलू. निकामी बॅटरीचे पॅक कचऱ्यात टाकू नका.

रिकाम्या बॅटऱ्या पुन्हा भरायला साधारण 24 तास लागतात. म्हणून त्या दिवशी एक सोडून एक दिवाच तपासू, उरलेले पुढच्या शनिवारी. दोन्ही रात्री कोणी उशिरापर्यंत थांबणार असल्यास आधी कळवा. आणि पाट्यांपुढे रचलेली खोकी तेवढी हलवा.

– व्यवस्थापन समिती