संकष्टीचा उपवास आणि चंद्रोदयानंतरचं ताट

ती. आई-बाबांना,
सा. न.

पुढच्या आठवड्यात संकष्टी आहे, म्हणून हे आधीच लिहून पाठवते. उपवास करू नका असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी आई ऐकणार नाही. पण छातीत जळजळ, डोकेदुखी आणि दुसऱ्या दिवशी पोट साफ न होणं, ही तिन्ही उपवासामुळे कमी आणि त्या दिवशी आपण जे खातो, जेव्हा खातो, त्यामुळे जास्त होतात.

आधी डोक्याचं. आई, उपवासाला चहा नको म्हणून तू तो पूर्ण बंद करतेस आणि दुपारनंतर कपाळ ठणकायला लागतं. रोज चहा पिणाऱ्याचा चहा तुटला की शेवटच्या कपानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं दुखू लागतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहाचा हिशोब लाव, वेळ बरोबर जुळते. त्यात दिवसभर पाणीही कमी जातं. तेव्हा सकाळी अर्धा कप चहा घे, पण आधी एक केळं खा. रिकाम्या पोटी नुसता चहा घेतला तर डोकं वाचेल आणि छाती जळेल. डोकं दुखलंच तर अंगदुखीची ती गोळी उपाशीपोटी घेऊ नकोस, तिने जठराच्या आतल्या अस्तराला इजा होते.

दुपारची साबुदाण्याची खिचडी हे दुसरं दुखणं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात चोथा नसल्यासारखाच. वर मूठभर शेंगदाण्याचं कूट, तूप आणि हिरवी मिरची. स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात, म्हणून तासन्‌तास आंबट ढेकर येत राहतात. त्या दिवशी भाकरी नाही, पालेभाजी नाही, मग दुसऱ्या दिवशी पोट साफ कशाने होणार? आपल्या बेळगाव तालुक्यात रताळी एवढी पिकतात की ट्रक भरून बाहेर जातात, आणि आपण मात्र खिचडीच्या मागे! मध्यम आकाराचं एक रताळं माती निघेपर्यंत घासून धुवा, सालासकट उकडा आणि वाटीभर ताकाबरोबर खा. ताकात जिरेपूड घाला, मिरची नको. खिचडी हवीच असेल तर अर्धी वाटी, कूट दोन चमचे. पाणी एकदम तांब्याभर न पिता दर तासाला थोडं थोडं प्या.

आता खरी गडबड रात्रीची. चंद्रोदय नऊच्या आसपास, काही महिन्यांत दहाच्या जवळ. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं, तेव्हा कॅलेंडरातली बेळगावची वेळ धरा, चंद्र दिसेपर्यंत ताटकळू नका. तोवर भूक इतकी भडकलेली असते की मोदक, भजी, वरण-भात, भाजी असं सगळं पंधरा मिनिटांत पोटात जातं आणि साडेदहाला तुम्ही आडवे होता. जठर गच्च भरलेलं असताना आडवं झालं की आम्ल अन्ननलिकेत वर चढतं. रात्री घशाशी येतं ते हेच.

म्हणून संध्याकाळी सातला कपभर कोमट दूध किंवा मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या घ्या. उपवासाला चालतात आणि भुकेची धार मोडते. नैवेद्य झाला की चार घोट कोमट पाणी, मग एकच उकडीचा मोदक, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. त्यानंतर मऊ भात एक वाटी, मुगाचं वरण, चमचाभर तूप आणि दोडका किंवा दुधीची भाजी. भजी, तळलेले मोदक आणि कुंदा दुसऱ्या दिवशी दुपारी खा. जेवल्यावर झोपायला निदान दोन तास हवेत. ते जमणार नसेल तर भात आणखी अर्धा करा, डाव्या कुशीवर झोपा आणि पलंगाचे डोक्याकडचे दोन पाय सहा इंच उंच करा. उशांवर उशा रचून भागत नाही, त्याने पोट दुमडतं. रोज सोडा किंवा तसली फसफसणारी पूड घेऊ नका, त्यातलं सोडियम बाबांच्या बीपीला वाईट.

बाबा, तुमच्या साखरेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना संकष्टीच्या आधीच विचारा. काही गोळ्या उपाशीपोटी साखर फार खाली आणतात. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं किंवा मशिनवर 70 च्या खाली आकडा आला तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, चंद्राची वाट बघू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोमट पाणी, आणि न्याहारीला भाकरी, पालेभाजी. तरी पोट साफ नाही झालं तर रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या पेल्यातल्या पाण्यात, लगेच पिऊन वर आणखी पाणी. कोरडं किंवा कमी पाण्यात घेतलं तर ते घशात फुगून अडकतं.

छातीत दाब, घाम आणि दुखणं जबड्यात किंवा हातात जात असेल तर ती ॲसिडिटी समजून घरी बसू नका, तडक दवाखान्यात जा. डांबरासारखी काळी शी झाली तरी तसंच.

तुमची,
ताई