बंबकाका, तुम्ही बालवाडीच्या जमिनीवर पालथे पडलात त्याबद्दल

आदरणीय बंबकाका,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला आभार मानलेले आवडत नाहीत. नारळ दिला तर तोच फोडून पोरांना खोबरं वाटलंत. म्हणून पत्र लिहितेय, आणि उघड लिहितेय. वाडीतल्या पालकांनी वाचावं आणि खाली बंदरापर्यंतच्या बालवाड्यांतल्या बायांनीही वाचावं.

तुमच्या आधी आमच्याकडे आग आणि भूकंपाचा एक सराव झाला होता. कोणी केला ते लिहीत नाही, गावात सगळ्यांना ठाऊक आहे. फलक आला, टोप्या आल्या, फोटो काढणारा आला. पोरं डबे उघडून बसली होती आणि कुणाला काही न सांगता भोंगा वाजला. पडवीत ओलं गवत पेटवून धूर केला. तीन-चार वर्षांची पोरं ती, कुणी ओरडलं, कुणी चड्डीत केलं. शर्विल पाट्यांच्या कपाटामागे जाऊन बसला. बाहेर ‘इमारत रिकामी झाली’ असं जाहीर होऊन टाळ्या वाजल्या, तेव्हा तो आतच होता. आमच्या मदतनीस मावशींना त्याची चप्पल दारात दिसली म्हणून कळलं. त्यानंतर भाजीच्या टेम्पोचा हॉर्न वाजला तरी तो कपाटामागे जायचा. ओढून काढला तर चावायचा.

तुम्ही मुंबईच्या अग्निशमन दलातून निवृत्त होऊन गावी आलात. कुणाकडून तरी ही हकिगत ऐकलीत आणि एका सकाळी दारात उभे राहिलात. मावशींनी पातेलं आपटलं आणि शर्विल नेहमीसारखा कपाटामागे गेला. आम्ही सगळ्या ‘ये रे बाळा, काही नाही’ सुरू करणार, एवढ्यात तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवलात आणि त्या वयात सरळ जमिनीवर पालथे पडलात. त्याला बाहेर ये म्हणाला नाहीत. हनुवटी फरशीला टेकवून तो बघतो तिकडे बघत राहिलात. बऱ्याच वेळाने म्हणालात, “अरे, इथून तर दारच दिसत नाही.”

त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

खरंच दिसत नव्हतं. आम्ही उभ्या असतो, आम्हाला दोन्ही दारं दिसतात. पोराच्या उंचीवरून पुढच्या दाराआड चटयांची वळकटी होती आणि मागच्या दाराआड तांदळाची गोणी. शर्विल हट्टी नव्हता, त्याला वाट दिसत नव्हती. तुम्ही त्याच्याशी तसंच बोललात, एका माणसानं दुसऱ्या माणसाला विचारावं तसं. “मग दार दिसायला काय हलवायचं?” तो कपाटामागून हात काढून गोणीकडे बोट दाखवतो काय, तुम्ही दोघं मिळून ती ढकलता काय! भोंगेवाल्यांपैकी एकालाही गुडघा टेकवायचं सुचलं नव्हतं. चांगुलपणाला गणवेश लागत नाही, कंबर मात्र वाकवावी लागते.

त्यानंतर तुम्ही जे समजावलंत ते मी वहीत उतरवून ठेवलंय. लहान मूल घाबरलं की पळत नाही, लपतं. आगीत पोरं खाटेखाली आणि कपाटात सापडतात, म्हणून जवान तिथे आधी हात घालतात. मास्क लावलेला जवान बघून ती आणखी आत सरकतात. भूकंपासाठी मात्र आपणच त्यांना शिकवतो की खाली हो, आडोसा धर, हलू नको. दोन्ही एकाच दिवशी शिकवलं तर पोराच्या डोक्यात एकच राहतं, आवाज झाला की लपायचं. आगीच्या वेळी नेमकं तेच जिवावर बेततं. तुम्ही येण्याआधी झालेल्या त्या सरावात दोन्हींना एकच भोंगा होता.

म्हणून तुम्ही दोन्ही वेगळे केलेत. आधी नुसता भूकंप, तोही कासव म्हणून. आमच्या पोरांना वेळासची कासवं माहीत आहेत, काहींनी पिल्लं समुद्रात जाताना पाहिली आहेत. गुडघ्यांवर बसायचं, कपाळ जमिनीकडे न्यायचं, दोन्ही हात मानेवर ठेवायचे आणि बाई ‘कासव उठलं’ म्हणेपर्यंत पाय बाहेर काढायचे नाहीत. टेबलं आमच्याकडे नाहीत, सतरंजी आहे. म्हणून खिडकी आणि कपाट सोडून आतल्या भिंतीशी कासवं करायची. सरावाला तुम्ही करवंट्या वाजवल्यात, पण मला बाजूला घेऊन सांगितलंत की खऱ्या भूकंपात करवंटी कुणी वाजवणार नाही, जमीनच सांगेल, तेव्हा मुलांना तुमचा ‘कासव!’ हा शब्द ऐकायची सवय हवी. ओरडून नाही, ठाम आवाजात. मी घरी मांजरासमोर सराव केला.

पागोळ्यांचं मला कधी सुचलं नसतं. आमची इमारत जांभ्या दगडाची, वर मंगलोरी कौलं. भूकंप झाला की सगळे दाराकडे धावतात, आणि पावसात जिथे पागोळ्या पडतात नेमकी तिथेच कौलं घसरून पडतात. म्हणून हादरे चालू असताना दारातून पळायचं नाही. थांबले की मान-डोकं दप्तराने झाकून निघायचं, कारण मागाहून लहान धक्के येतातच. पडवीत असलेल्यांनी मात्र आत यायचं नाही, पागोळी सोडून अंगणात जायचं. तुम्ही चुन्याने अंगणात रेघ मारलीत. कौलाची कड जेवढी उंच, तेवढी रेघ भिंतीपासून लांब. तिच्या पलीकडे पण आंब्याखाली नाही, विजेच्या खांबाशी नाही, गडग्यालाही टेकायचं नाही. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आठवते. रेघ बघून आजोबा लोक काही न बोलता मान हलवून गेले.

कासव अंगात मुरल्यावरच तुम्ही आगीकडे वळलात. तिला भोंगा नाही, शाळेची घंटा, तीही पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेली. आणि घंटा कुणी वाजवायची? शर्विलने. ज्याच्या हातात दोरी असते त्याला आवाज दचकवत नाही, एवढं साधं होतं ते. पुढे फडकं निघालं, तरी तो कपाटाकडे गेला नाही.

धुराचं गाणं तर आता घराघरांत चालतं:

धूर वर वर, आम्ही खाली,
रांगत रांगत स्वारी निघाली.

खरा धूर तुम्ही एकदाही केला नाहीत. मावशींची जुनी करडी साडी दोघींना ताणून धरायला लावलीत, पोरांच्या कमरेच्या उंचीवर, आणि पोरं तिच्याखालून खिदळत गेली. धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत राहते, हे साडीखालून गेलेल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. वाट दाखवायला गौरी येतात तशी पावलं काढलीत, पुढच्या दाराकडे गेरूची, मागच्या दाराकडे चुन्याची. भिंतीवरचा बाण धुरात दिसला नसता.

शेवटच्या सरावाचं पालकांसाठी लिहिते. बालवाडीची शेगडी पडवीच्या टोकाला, म्हणजे पुढच्या दाराशी. तुम्ही त्या दारात केशरी ओढणी बांधलीत, आग तिथे आहे असं समजून. शर्विलने घंटा दिली. मी ‘चुन्याची पावलं’ म्हटलं आणि काथ्याचा दोर उचलला. त्याला हातभर अंतराने गाठी आहेत आणि काथ्या टोचू नये म्हणून वर सुती चिंध्या गुंडाळल्या आहेत. एका गाठीला एक मूल, आणि गैरहजर मुलाच्या गाठीला सकाळीच लाल फीत. पोरांनी गाठ धरायची, मनगटाला बांधायची नाही; एक पडलं तर बाकीची ओढली जातात. मी हजेरीवही घेऊन पुढे, मावशी सगळ्यांत मागे. त्यांनी मोरी आणि कोठीची खोली बघितली आणि निघताना दार ओढून घेतलं. बंद दार आगीला बराच वेळ अडवतं, कडी मात्र घालायची नाही.

अंगणात पोचलो तर एक गाठ रिकामी आणि तिला फीत नाही. वही उघडायच्या आधीच कळलं. आर्या मोरीत होती. मावशींनी मोरीत डोकावलं होतं, पण दाराआडचा कोपरा बघितला नव्हता. तुम्ही कुणाला बोललात नाहीत. “बरं झालं आज सापडलं,” एवढंच. आणि लगेच मोरीचं दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं फिरवून घ्यायला सुताराला निरोप धाडलात. पैसे कुणी दिले ते सुतार सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

अहवाल नाही, फोटो नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनीच भातुकलीत कासव-कासव खेळायला सुरुवात केली. शर्विलची आई म्हणाली, घरात कुकरची शिट्टी झाली की तो आता ओरडतो, “आई, ही घंटा नाय, ही शिट्टी!”

आता एक काम आहे. पावसात अंगणाचा चिखल होतो आणि चुन्याची रेघ वाहून जाते. आगीच्या वेळी देवळाच्या सभामंडपात जायचं असं मी ठरवलंय, पण भूकंपात ते छप्परही नको, तेव्हा पोरं भिजली तरी उघड्यावरच थांबवायची ना? रेघेच्या जागी जांभ्याचे चिरे पुरावेत असं मावशी म्हणतात, मला वाटतं पोरं त्यांना अडखळतील. गणपतीआधी एकदा येऊन बघून जा. चष्म्याची दोरी आमच्याकडे राहिली आहे, तीही न्या.

आपली,
वरच्या वाडीची बालवाडीची बाई