मोठेबाबांना फोन कर, ग्रुपवर काही लिहू नकोस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल पोळा झाला. आज तान्हा पोळा, म्हणून अंगणवाडीला सुट्टी. पोरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार बोजारा मागत फिरताहेत, त्यांच्या गडबडीतच हे लिहितेय. फोनवर का नाही लिहिलं म्हणशील. फोनवर लिहिलेलं कोण कुठे पुढे पाठवेल याचा भरवसा मला आता उरला नाही. कागद निदान तुझ्याच हातात पडतो.

मागच्या नोव्हेंबरातली ती रात्र मला अजून सुटत नाही. २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं आणि त्याच्या आदल्याच आठवड्यातली गोष्ट. मोठेबाबांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. मिरवणुकीवर दगडफेक, पळापळ, आणि खाली लिहिलेलं की हे आर्वीजवळ काल घडलं. तू पुण्यातून पावणेअकराला उत्तर दिलंस. व्हिडिओ जुना आहे, आपल्याकडचा नाही, आणि शेवटी ते एक वाक्य, "मोठेबाबा, आधी वाचायला शिका."

व्हिडिओबद्दल तू खरा होतास. मी नंतर थांबवून थांबवून पाहिला. पोलिसांचे कपडे पांढरे होते. तसे कोलकात्याच्या पोलिसांचे असतात, आपल्याकडे खाकी. मागे दुकानाची पाटी होती, तिच्यावरची अक्षरं बंगाली. त्या अक्षरांनाही आपल्यासारखी वरून रेघ असते, म्हणून लहान फोनवर ती हिंदीच वाटतात. शिवाय मेसेजवर दोन बाणांची खूण होती. म्हणजे तो पाच किंवा जास्त हातांतून फिरत फिरत इथवर आलेला. काल आर्वीत कोणी स्वतः काढला असता, तर दोन बाण कशाला असते? हे सगळं कळायला मला दहा मिनिटं लागली. तुला दोनच लागली असतील.

पण त्या ग्रुपवर ४१ माणसं आहेत, आणि त्यात मोठेबाबांचे जावईबापू आहेत, व्याही आहेत. ताईचं लग्न मे महिन्यात झालं तेव्हा हौसेनं त्यांना ग्रुपवर घेतलं होतं. तू मोठेबाबांना बोललास ते व्याह्यांच्या देखत. लग्नाला सहा महिने झालेले, आणि पोरीच्या सासरच्यांसमोर घरचंच पोरगं म्हणतं की यांना वाचता येत नाही. हेच तू घरी येऊन, चुलीपाशी बसून म्हटलं असतंस तर त्यांनी तुला एक शिवी दिली असती आणि वर चहा पाजला असता.

मी दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून वाचलं. रात्री पाऊण वाजेपर्यंत ९३ मेसेज होते. त्यातल्या पहिल्या अकरांत व्हिडिओचं नाव आहे. मग जावईबापू सासऱ्याच्या बाजूनं उतरले, अमरावतीचा आतेभाऊ तुझ्या बाजूनं. मग कोण कोणाचं बटण दाबतो ते निघालं, मग धर्म, मग जात. आणि शेवटच्या वीस मेसेजांत नाल्याजवळच्या वावराचा धुरा कोणी कोरला आणि आजोबांच्या आजारपणात पैसे कोणी घातले, एवढंच होतं. राजकारण हे नुसतं फाटक निघालं रे, आतमध्ये धुराच होता. तू मला नंतर म्हणालास, "आई, मी विचारांसाठी भांडलो." तू भांडला असशील. बाकीचे धुऱ्यासाठी भांडत होते, आणि तुला ते ठाऊकच नव्हतं.

आता माझी चूक सांगते. तू उत्तर देण्याआधी, नऊच्या सुमारास, मी त्या व्हिडिओवर अंगठा टाकला होता. पाहिला नव्हता. अंगणवाडीच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला की आम्ही सगळ्या अंगठा टाकतो. त्याचा अर्थ "मिळाला" एवढाच. नाही टाकला तर मॅडमचा फोन येतो. तीच सवय घरी लागली. घरच्या ग्रुपवर मात्र अंगठा म्हणजे "मान्य". तुला वाटलं आईसुद्धा तिकडची. मोठेबाबांना वाटलं घरच्या सुनेनं अंगठा दिला आणि तिच्याच पोरानं तोंडात मारली. दोघांनीही माझ्या एकाच अंगठ्याचा राग धरला. आता मी हात पुसल्याशिवाय फोनला हात लावत नाही.

तुझ्या बाबांनी तर आणखी भर घातली. ग्रुपचे अ‍ॅडमिन ते. कोणीतरी त्यांना सांगून ठेवलेलं की ग्रुपवर काही वाईट आलं तर पोलीस अ‍ॅडमिनला उचलतात. घाबरून त्यांनी पाऊण वाजता सेटिंग बदलली, फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल असं केलं. ती भीती खरी नव्हती. गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी, त्यात अ‍ॅडमिनचा स्वतःचा हात नसेल तर, त्याला गुन्हेगार धरता येत नाही. टाकणाऱ्याची जबाबदारी टाकणाऱ्यावर. पण बाबांना हे मी सांगेपर्यंत सकाळ झाली होती, आणि सकाळी मोठेबाबा बोलायला गेले तर त्यांना लिहिताच येईना. त्यांनी त्याचा अर्थ काय घेतला असेल? धाकट्या भावानं तोंड बंद केलं. दुपारी ते ग्रुपमधून बाहेर पडले.

त्यानंतर भांडण झालंच नाही, आणि तेच जास्त वाईट. निरोप येणं हळूहळू बंद झालं. माघात काकू आली होती, मला ताईच्या ओटी भरण्याचा फोटो दाखवत म्हणाली, "ग्रुपवर टाकला होता ना," आणि जीभ चावली. तेव्हा कळलं की आपल्याला सोडून दुसरा ग्रुप झालाय. आपला जुना ग्रुप आहे तसाच आहे, त्यावर सकाळी फुलांचे फोटो येतात. यंदा कापूस जिनिंगला वेगवेगळ्या गाडीतून गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा. जूनमध्ये डवरणीला त्यांची जोडी मागायला बाबा गेलेच नाहीत. भाड्यानं ट्रॅक्टर आणला आणि मला म्हणाले, ट्रॅक्टरच बरा.

मग परवा खांदशेकणीच्या संध्याकाळी मी उठले आणि वाटीत लोणी-हळद घेऊन त्यांच्या गोठ्यावर गेले. आपले बैल विकल्यापासून आपण त्यांच्याच जोडीला नैवेद्य दाखवतो, तेवढा हक्क कोणी काढून घेतला नव्हता. ते माझे भासरे. तुला माहीत आहे, लग्नाला तीस वर्षं झाली तरी आम्ही समोरासमोर बोलत नाही. मी पदर घेतला आणि बैलाच्या खांद्याला लोणी चोळायला लागले. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," असं बैलांना म्हटलं. ते पलीकडे उभे. थोड्या वेळानं तेही बैलालाच म्हणाले, "आपल्याले वाचता येत नाही म्हन्ते बे पोट्टं. बहात्तर साली म्या शाळा सोडली नसती, तं त्याचा बाप मास्तर झाला असता काय?"

मला हे माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं. दुष्काळाचं साल होतं, सातवीत होते ते. घरात दोघांची शाळा परवडणार नव्हती. थोरला खडी फोडायला गेला, धाकटा शाळेत राहिला. तुझ्या बाबांनी तुला हे कधी सांगितलं नसेल. मलाही त्यांनी एकदाच सांगितलंय.

मी बैलालाच विचारलं की मग तो व्हिडिओ तरी कशाला पाठवायचा. तेव्हा म्हणाले, "व्याह्यानं धाडला. पोरगी देली हाय त्याइच्या घरी. पुढं नाही धाडला तं त्याइले काय वाटन? म्या तं पुरा पाह्यलाबी नाही. गोल गोलच फिरत राहे तो."

सोनू, नऊ महिने आपण त्यांना ज्या विचाराचा माणूस समजलो, तो विचार त्यांनी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. व्याह्यांकडून आलेला लाडू जसा चार घरी वाटतात, तसा त्यांनी तो वाटला. सगळ्यांचं असं नसतं, हेही सांगते. आतेभाऊ आणि जावईबापू मनापासून भांडत होते, त्यांचं जुळायचं तेव्हा जुळेल.

मी तुला गप्प बस म्हणत नाही. काही मेसेजांवर गप्प बसणं पाप आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागणारी माणसं ती. तसल्याच अफवा तेव्हा आपल्या फोनांवरही फिरत होत्या, आणि मी अंगणवाडीत आयांना बसवून एकेक मेसेज खोटा कसा ते सांगितलं होतं. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली. तसलं काही आलं तर ग्रुपवर लगेच लिही, पण व्हिडिओबद्दल लिही. पाटी बंगाली आहे, कपडे पांढरे आहेत, बस. टाकणाऱ्याचं नाव नको, त्याची अक्कल नको.

आणि घाई नसेल तर आधी त्याला फोन. आपला मेसेज सगळ्यांच्या फोनमधून काढायला दोन-अडीच दिवस मिळतात. माणसाला एकट्यात कळलं तर तो स्वतःच काढतो, आणि वर म्हणतो, चुकून पडला होता. म्हणू दे. तेवढी वाट त्याला ठेवायची असते.

आता तुझं काम. मोठेबाबांना फोन कर. व्हिडिओ कॉल नको, त्यांना स्वतःचा चेहरा दिसलेला आवडत नाही. व्हिडिओबद्दल काही बोलू नकोस, मताबद्दल तर नाहीच. तुझं मत तुझ्यापाशी राहू दे, ते बदल असं मी म्हणत नाही. फक्त "वाचायला शिका" म्हणालो ते चुकलं, एवढं म्हण. आधी बैलांचं विचार. डाव्या बैलाच्या खुराला लागलंय, ते विचारलंस की पुढचं ते स्वतःच बोलतील. बहात्तर सालाचं मी तुला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

काल पोळा फुटल्यावर त्यांची जोडी आपल्या दारात आली. दोर ताईच्या दिराच्या हातात होता, ते स्वतः आले नाहीत. मी बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी खाऊ घातली. बाबा आतून बाहेर आले, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि दोराबरोबर थेट त्यांच्या गोठ्यापर्यंत चालत गेले. परत यायला तासभर लागला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

मोठेबाबांचा नंबर बदललाय, या कागदाच्या मागे लिहिलाय. साडेसातनंतर कर, त्याआधी ते गोठ्यात असतात आणि फोन घरात खुंटीला.

तुझी,
आई