अंगणवाडीतल्या तिरळ्या डोळ्यांविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी लहान मुलांचे डोळे तपासणारा नेत्रतज्ज्ञ आहे. हे पत्र तिरळेपणाच्या एकाच प्रकाराविषयी लिहीत आहे. तो साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू होतो आणि पुष्कळदा केवळ चष्म्याने सरळ होतो. तरीही ही मुले माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा दीड-दोन वर्षे वाया गेलेली असतात.

गेल्या काही वर्षांतल्या एका मुलीचे उदाहरण देतो. ती अडीच वर्षांची असताना आईच्या लक्षात आले की जेवताना, ताटाकडे पाहताना, तिचा उजवा डोळा नाकाकडे वळतो. संध्याकाळी ती दमली की तो अधिक वळे, सकाळी सरळ असे. आजी म्हणाली, चकणी नजर भाग्याची असते. एका दवाखान्यात सांगण्यात आले की मोठी झाली की आपोआप जाईल. या सल्ल्याचे मूळ मला कळते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात आणि ते खरोखर आपोआप थांबते. नाकाचे मूळ रुंद असलेली काही बाळे तर तिरळी नसतानाही तिरळी दिसतात. पण अडीच वर्षांच्या मुलीचा एकच डोळा पुन्हापुन्हा आत वळत असेल, तर थांबण्याला काही आधार नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा चार वर्षे दोन महिन्यांची होती आणि उजवा डोळा आता दिवसभर आत असे. मी तिचा उजवा डोळा तळहाताने झाकला, तर ती खेळण्याशी खेळत राहिली. डावा झाकताच तिने माझा हात ढकलला आणि रडू लागली. चित्रांच्या तक्त्यावर डाव्या डोळ्याची नजर 6/9 भरली आणि उजव्याची 6/60, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसावे ते तिला सहा मीटरवर आल्यावर दिसत होते. दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासले असते तर ती उत्तम पाहणारी मुलगी ठरली असती, आणि घरच्यांनाही ती तशीच वाटत होती.

तीन दिवस ॲट्रोपीनचे मलम घालून नंबर काढला तेव्हा कारण सापडले: उजव्या डोळ्याला +6, डाव्याला +4.5. प्लस नंबर असलेले मूल स्पष्ट पाहण्यासाठी डोळ्याच्या भिंगावर सतत ताण देते, आणि भिंगावरचा ताण व डोळे आत वळवणे या दोन क्रिया मेंदूत एकमेकींशी जोडलेल्या असतात. ताण जितका जास्त, तितका डोळा आत. मलम न घालता नंबर काढला असता तर याच ताणामुळे तो कितीतरी कमी आला असता. याच वेळी बाहुली रुंदावून पडदा पाहिला, कारण मुलांमधील डोळ्याचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, कधीकधी केवळ तिरळेपणाच्या रूपात समोर येतो. या मुलीचा पडदा निरोगी होता.

डोळा निरोगी असून नजर का जाते, याचे उत्तर डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांच्या 1960 च्या दशकातील प्रयोगांतून मिळाले. या संशोधनासाठी त्यांना 1981 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मांजरीच्या पिल्लाची एक पापणी पहिल्या काही आठवड्यांत शिवून बंद ठेवली, तर पुढे डोळा उघडल्यावरही मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देत नाहीत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीन-चार दिवसही पुरतात. पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा त्याहून कितीतरी जास्त काळ बंद ठेवला तरी तसे होत नाही. म्हणजे दोन डोळे मेंदूतल्या जागेसाठी चढाओढ करतात आणि त्या चढाओढीचा काळ ठरलेला असतो. तिरळ्या मुलाला एकाच वेळी दोन वेगळी चित्रे मिळतात. गोंधळ टाळण्यासाठी मेंदू वळलेल्या डोळ्याचे चित्र दाबतो आणि दाबत राहिल्याने त्या डोळ्याची जागा दुसरा घेतो. यालाच आपण आळशी डोळा किंवा अँब्लिओपिया म्हणतो. खरे तर आळस डोळ्याचा नसतोच.

म्हणून उपचारात क्रम महत्त्वाचा असतो. मुलीला आधी पूर्ण नंबरचा चष्मा दिला. चष्म्यात डोळे जवळजवळ सरळ झाले, आणि चार महिने केवळ चष्म्यावर उजवी नजर 6/36 पर्यंत आली. मग चांगल्या, म्हणजे डाव्या डोळ्यावर पट्टी सुरू केली. सांगितली होती रोज सहा तास, प्रत्यक्षात चार तास व्हायची, कारण पहिले दोन आठवडे तिला खरोखर कमी दिसत होते आणि ती पट्टी उपटून टाके. आईने तो वेळ भांड्यात मणी निवडण्यासाठी राखून ठेवला. सात महिन्यांनी नजर 6/12 झाली, साडेपाच वर्षांची होईतो 6/9. मात्र दोन डोळ्यांनी मिळून खोली जाणण्याची क्षमता तिच्यात कामचलाऊच राहिली. डोळा दिवसभर वळायला लागण्याआधी चष्मा मिळाला असता, तर ती बरीच अधिक राहिली असती.

अशा मुलाची थेट शस्त्रक्रिया केली, तर डोळा दिसायला सरळ होतो, पण नंबर तसाच राहतो आणि गेलेली नजर परत येत नाही. शस्त्रक्रिया लागते ती चष्मा लावूनही उरणाऱ्या तिरळेपणासाठी, किंवा पहिल्या सहा महिन्यांत सुरू होणाऱ्या वेगळ्या प्रकारासाठी. तिथे ती दुसऱ्या वर्षाच्या आत व्हावी.

सात वर्षांनंतर काहीच होत नाही, हा समजही मला खोडायचा आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत 7 ते 12 वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांची नजर चष्मा, पट्टी आणि ॲट्रोपीन यांनी लक्षणीय सुधारली. नुसत्या चष्म्याने ती सुमारे चारपैकी एका मुलाची सुधारली. त्यामुळे शाळेच्या तपासणीत सापडलेल्या मुलालाही उपचार द्यावेतच. पण चौथ्या वर्षी जे निम्म्या कष्टात होते, ते बाराव्या वर्षी शाळा सांभाळून, वर्गमित्रांसमोर पट्टी लावून करावे लागते आणि बऱ्याच मुलांकडून ते होत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जावीत, अशी रचना आहे. तीच वेळ योग्य आहे. त्या भेटीत तीन वर्षांवरील प्रत्येक मुलाचा एकेक डोळा झाकून दुसऱ्याने चित्र ओळखायला लावणे, आणि समोरून बॅटरी धरून दोन्ही बुबुळांवरचा प्रकाशाचा ठिपका एकाच जागी पडतो का ते पाहणे, या दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. एक डोळा झाकल्यावर मूल रडते आणि दुसरा झाकल्यावर रडत नाही, एवढे जरी अंगणवाडी सेविकेने नोंदवले तरी ते मूल पाठवण्याजोगे आहे.

दुसरी विनंती चष्म्याची. सहा वर्षांखालच्या मुलाचा चष्मा वर्षभर क्वचितच टिकतो आणि नंबरही बदलतो. म्हणून या वयाला मोफत चष्मा वर्षातून दोनदा मिळावा, आणि तो मलम घालून काढलेल्या नंबरचाच असावा. तिसरी विनंती नोंदवहीची. पट्टी थांबवल्यावर पहिल्या वर्षात सुमारे चारपैकी एका मुलाची नजर पुन्हा घसरते. म्हणून पट्टी बंद झाल्यावरही वर्षभर त्या मुलाला परत बोलावण्याची जबाबदारी पथकातल्या एका व्यक्तीच्या नावावर असावी. माझ्या या रुग्ण मुलीची नजरही पट्टी थांबवल्यावर तिसऱ्या महिन्यात 6/12 वर आली होती. ती बोलावल्यावर आली, म्हणून दोन तासांची पट्टी वेळेत पुन्हा सुरू करता आली.

आपला विश्वासू,
तालुका पातळीवर काम करणारा एक नेत्रतज्ज्ञ